काळ्या रश्शातली कॉफी

आमच्या आणि शेजारच्या भाभीच्या घरांच्या मध्ये एक भिंत आहे, कमरेएवढी. वणीत आम्ही घर बांधलं तेव्हा ती पुढे उंच करू असं ठरलं होतं. ते राहूनच गेलं आणि बरंच झालं. रमजानच्या महिन्यात दुपार कलली की भिंतीपलीकडून भाभीची हाक येते, "ताई, जरा या न चाखायले." मी हातातलं काम टाकून जाते. घरातल्या सगळ्या बायकांचे रोजे असतात, सकाळपासून पाण्याचा थेंबही पोटात गेलेला नसतो आणि संध्याकाळचा स्वयंपाक तर करायचाच असतो. नुसतं जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर चालतं असं कुणी कुणी म्हणतात. भाभी म्हणते, कायले उगाच मनात वहम ठेवायचा? तिच्या चुलीवरच्या मिठाची जबाबदारी म्हणून माझ्याकडे.

या कामाचा मला गर्व होता. सरळच सांगते. तालुक्याच्या कृषी कार्यालयात मी जन्मभर टपाल आवक-जावक केलं. तिथे माझ्या शब्दावर एक खुर्चीसुद्धा कधी हलली नाही. भाभीच्या स्वयंपाकघरात मात्र मी पाठ वळवून तळहातावर रस्सा घ्यायचे (उपाशी माणसाच्या तोंडासमोर खायचं नाही, एवढी रीत मला आहे), जीभ लावायचे, आणि सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. मी "चिमूटभर मीठ" म्हटलं की चिमूटभर मीठ पडायचं. निवृत्तीनंतर बाईला असं मानाचं काम कुठे मिळतं?

कॉफीचं खूळ माझं. भाभीचा त्यात काही संबंध नाही.

मुलगी बंगळुरूला असते. ती येताना कॉफीची डबी आणते, ती विरघळणारी, चिकोरी नसलेली. दुपारी झोपून उठले की मला ती काळी, बिनदुधाची, बिनसाखरेची लागते. आमचे हे तिला काढा म्हणतात. मुलीनेच एकदा सुट्टीत मटणाच्या रश्शात थोडी कॉफी घातली होती. मी आधी नाक मुरडलं आणि मग दोनदा वाढून घेतला. तेव्हापासून माझे प्रयोग सुरू झाले. कोंबडीच्या तंगड्यांना तिखट, धने-जिरे पूड, मीठ आणि किलोला अर्धा चमचा बारीक कॉफी चोळून ठेवायची आणि तव्यावर मंद आचेवर भाजायची. मंदच, कारण कॉफी लवकर करपते आणि करपली की सगळा मसाला कडू. दह्यात मुरवायचं असेल तर त्याहून कमी, पाव चमचा पुरे, आणि तासभर मुरलं की झालं. कॉफीने मटण मऊ होत नाही, त्याला पपईच लागते. रश्शात मात्र भाजलेल्या खोबऱ्याचा आणि कांद्याचा जो एक खोल, काळसर स्वाद असतो तो कॉफीने आणखी गडद होतो. किलोभर मटणाच्या रश्शाला चहाचा अर्धा चमचा, कोमट पाण्यात कालवून, शेवटी शेवटी. नंतर पाच-दहा मिनिटं उकळी. खाणाऱ्याला कॉफी कळली की समजायचं, जास्त झाली. चिंच किंवा फार टोमॅटो असलेल्या रश्शात मी घालत नाही, आंबट आणि कडू मिळून जीभ धरतात.

बघा, येतं सगळं मला. आजही पाठ आहे. म्हणूनच जास्त लाज वाटते.

भाभीच्या थोरल्या मुलाचं लग्न दिवाळीनंतर झालं. मुलगी मारेगावची, बी.एस्सी. झालेली, बोलायला गोड पण मागे न हटणारी. घरात सगळे तिला दुल्हन म्हणतात, मीही तेच म्हणते. मला ती काकू म्हणते, सासूला अम्मी आणि सासऱ्यांना अब्बाजी. तिचा या घरातला हा पहिला रमजान. तिचे अब्बू आणि दोन भाऊ एका संध्याकाळी इफ्तारीला येणार असं ठरलं, तेव्हा भाभीने सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या दिवशी मटण दुल्हन करन. मी हात लावणार नाही. मायले नाही, पण बापाले तरी कळू दे पोरगी काय शिकली ते." तिची आई लहानपणीच गेलेली. बापानेच स्वयंपाक करून तिला वाढवलं होतं, त्यामुळे त्या माणसाला मटणातलं काय ते कळत होतं. भाभीचं बोलणं प्रेमाचंच होतं. पण परीक्षा ती परीक्षाच. दुल्हनचा चेहरा मी पाहिला होता.

भाभीचा काळा रस्सा या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. तिचे मियाँ चंद्रपूर रोडला ट्रकचं गॅरेज चालवतात, आणि कोळशाच्या गाड्यांवरचे ड्रायव्हरसुद्धा ईदला केवळ त्या रश्शासाठी सलाम करायला येतात. सुकं खोबरं आणि कांदा ती निखाऱ्यावर भाजते, अगदी काळे होईपर्यंत, पण जळू न देता. त्या दोन्हींच्या मधली जी बारीकशी वेळ असते ती ओळखायला हात बसावा लागतो. दुल्हनने गॅसवर भाजलं. भीतीने आधीच उतरवलं.

त्या दिवशी मी दुपारची झोप काढून उठले, कॉफी केली, चांगला मोठा मग. शेवटचा घोट तोंडात होता तेव्हा भिंतीशी दुल्हन येऊन उभी राहिली. ओढणीला हळदीचे हात पुसत होती.

"काकू, जरा या न. रंगच नाही आला."

मी गेले. भाभी आतल्या खोलीत नमाजला बसली होती आणि ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघराकडे फिरकत नव्हती. मोठ्या पातेल्यात तीन किलोचा रस्सा रटरटत होता. मटण शिजलं होतं, तेल सुटलं होतं, वास चांगला होता, फक्त रंग विटकरी. अब्बूंनी भाभीच्या हातचा काळा रस्सा लग्नात खाल्ला होता. त्यांच्यासमोर हा लाल रस्सा जाणार होता.

"आता पुन्हा खोबरं भाजून वाटून घातलं तर?" ती म्हणाली.

तेच करायला हवं होतं. वेळ होता. पण माझ्या डोक्यात माझी डबी होती.

"थांब," मी म्हटलं, "माझ्याकडे उपाय आहे," आणि घरी जाऊन कॉफीची डबी घेऊन आले. येताना चालीत काय रुबाब होता माझ्या! डॉक्टरीण निघाली होती पेशंटकडे.

दीड चमचा कॉफी कोमट पाण्यात कालवली, घातली, ढवळली. इथपर्यंत सगळं बरोबर. मग पाठ वळवून तळहातावर घेऊन चाखलं. मीठ ठीक. कॉफीचा काही पत्ताच नाही. रंग थोडा गडद झाला होता, पण काळा म्हणावा असा नाही.

"अजून थोडी लागेल," मी म्हणाले.

अजून थोडी घातली. चाखलं. काहीच फरक नाही. आता इथे कुठल्याही शहाण्या बाईने थांबून विचार केला असता की फरक का जाणवत नाही. मी विचार केला तो असा, की तीन किलोच्या पातेल्याला घरच्या किलोभराचा हिशेब पुरत नसणार. चमचा ओट्यावर ठेवला आणि डबीच तिरकी केली. पाण्यात कालवायचीही तसदी घेतली नाही. वर तरंगणाऱ्या तर्रीवर ती भुकटी पडली, तेलात चर्र झाली, आणि रस्सा एकदम काळा दिसू लागला. अगदी भाभीसारखा. मला इतका आनंद झाला की विचारू नका. डबी अर्ध्याहून जास्त रिकामी झाली होती.

दुल्हनने पातेल्यावर वाकून वास घेतला. तिला चाखता येत नव्हतं, नाकच काय ते तिच्याकडे होतं.

"काकू, वास कडू येऊन राह्यला न."

"कॉफीचा वास आहे तो. उकळीत जातो."

"पण थोडा जळल्यावानी..."

"अगं, मी चाखलं न? इतकी वर्षं काय हवेत चाखून राह्यली का मी तुमच्या घरी?"

ती पातेल्यापासून मागे सरली. सासूच्या वयाच्या बाईने, सासूच्या विश्वासातल्या बाईने असं म्हटल्यावर नवी सून आणखी काय बोलणार? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. वर हे पण म्हटलं की घाबरू नको, तुझे अब्बू बोटं चाटतील. हे वाक्य आठवलं की अजूनही माझे कान गरम होतात.

मला आणि आमच्या ह्यांनाही त्या संध्याकाळी बोलावणं होतं. अजान झाली, सगळ्यांनी खजुराने रोजा सोडला, मग सरबत, भजी, पपईच्या फोडी. मीही खजूर खाल्ले, सरबत प्यायले. पुरुष नमाज पढून आले आणि जेवणाचा दस्तरखान मांडला. समोर पुरुष, अलीकडे आम्ही बायका. भाभी दाराच्या पडद्याशी बसली होती. दुल्हनने स्वतः रस्सा वाढला. काळाभोर, वर लाल तर्री. अब्बूंनी ताटाकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावल्यासारखे झाले. पोरीकडे पाहून म्हणाले, "रंग तर बघा."

मग त्यांनी घास घेतला.

काही माणसं वाईट चव लागली की तोंड वाकडं करतात. ते नाही. त्यांचा हात ताटावर एक क्षण थांबला, मग पुन्हा सुरू झाला, पण पहिल्यासारखा नाही. रोटीचा तुकडा मोठा आणि रस्सा त्याला जेमतेम लागलेला. दोन्ही भाऊ एकमेकांकडे न बघता पाणी पीत होते. घास, पाणी, घास, पाणी. मी अजून जेवायला सुरुवात केली नव्हती. मला वाटलं तिखट झालं असेल.

मग मी घास घेतला.

रश्शात मटण नव्हतंच जणू, नुसता काढा. जिभेच्या मागच्या बाजूला कडूपणा बसला आणि तिथून हलेना. तर्रीत करपलेला तो जळका वास तर वेगळाच. हाच रस्सा मी दोन तासांपूर्वी तळहातावर घेऊन चाखला होता, आणि मला काहीसुद्धा कळलं नव्हतं. का कळलं नव्हतं ते त्या घासाबरोबर कळलं. कॉफीचा मग संपवून, तोंडही न खंगाळता, मी कॉफी चाखायला गेले होते. कडूने भरलेल्या जिभेला कडू काय कळणार? आणि खाणारे सगळे दिवसभर उपाशी, त्यावर नुकताच गोड खजूर खाल्लेले. माझ्या जिभेला जे शून्य वाटलं ते त्यांच्या जिभेवर दुप्पट होऊन बसलं होतं.

दुल्हन आमच्या ओळीच्या टोकाला बसली होती. तिनेही घास घेतला. मान वर केली नाही. जेवत राहिली.

भाभीने चाखलं. ती पहिल्यांदा सुनेकडे बघेल असं मला वाटलं, पण ती बघत होती माझ्याकडे. रागाने नाही. तिला कळत नव्हतं. ताईने चाखलंय ना, मग हे असं कसं? तेवढंच होतं तिच्या डोळ्यांत. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी ताटातून हात काढला आणि मोठ्याने म्हणाले, "हे माझं काम आहे. पोरीनं छान केलतं, त्यात कॉफी मी ओतली. तिनं मले सांगितलंही होतं वास कडू येतो म्हणून. मीच ऐकलं नाही."

वाटलं, आता तरी ती सुटेल. पण पाहुणचाराची गोष्टच निराळी असते. अब्बू हसले, छातीवर हात ठेवला. "नाही नाही ताई, असं काहून म्हणता? बढिया झालं. कॉफी का? वा! नवीनच चव आहे." आणि त्या भल्या माणसाने मला ओशाळं वाटू नये म्हणून ताट पुढे केलं. "बेटी, अजून एक वाटी वाढ."

ती उठली आणि तिने वाढलं. तिला ठाऊक होतं ते काय वाढतेय. तिच्या बापाला ठाऊक होतं तो काय खातोय. माझ्या कबुलीने एवढंच झालं, की ज्याने आधी अर्धी वाटी खाऊन हात धुतला असता त्याला दीड वाटी खावी लागली. धाकटा भाऊ वातावरण हलकं करायला म्हणाला, "चला, आज रात्री तरावीहच्या नमाजात कोणाले झोप नाही येणार." सगळे हसले. मीही हसले. आमचे हे सगळ्यात मोठ्याने हसले, आणि मला त्यांचा गळा दाबावासा वाटला.

झोप तर खरंच आली नसेल त्यांना. वाटीभर तरी कॉफी गेली होती त्या पातेल्यात. मलाही आली नाही, पण त्याचं कारण फक्त कॉफी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीशी भाभी भेटली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "जाऊ द्या न ताई. उरलेल्यातले तुकडे काढून घेतले, निम्मा रस्सा फेकला, तळलेला कांदा अन् खोबरं वाटून नवा केला, थोडा गूळ टाकला. पहाटे सहरीले खाल्ला पोट्ट्यांनी." कडूपणा काढून टाकता येत नाही, पातळ करता येतो, मिठाने आणि गुळाने थोडा झाकता येतो. ते तिला मी सांगायची गरज नव्हती. "दुल्हन काय म्हणते?" मी विचारलं. "काय म्हणणार? काही नाही म्हणत." आणि ती आत गेली.

काही नाही म्हणत. यावर मी दिवसभर किती अर्थ लावले असतील.

त्या दिवशी दुपारी मी कॉफी केली नाही. तोंड खंगाळून, एक कोरडा फुलका चावून, रिकामी जीभ घेऊन ओसरीत बसले. हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. पलीकडून फोडणीचा वास यायचा, पातेल्यांचा आवाज यायचा, भाभी आणि दुल्हन बोलताना ऐकू यायच्या, पण "ताई, चाखायले या" काही येईना. कॉफी सोडल्यामुळे डोकं ठणकायचं. हे म्हणायचे, "कायले शिक्षा करून घेते? प्यायची तर पी." मी त्यांच्यावर खेकसायचे.

इफ्तारीचं ताट मात्र रोज भिंतीवरून यायचं, नेहमीसारखं. भाभी द्यायची, किंवा तिचे मियाँ. मी ताटातला पहिला घास मीठ बघायला घ्यायचे, सवयीने. मीठ बरोबर असायचं. रोज बरोबर. खिचडा असो, डाळीची भाजी असो, शिरमालची रोटी असो. कुठे चिमूटभर जास्त नाही की कमी नाही. सांगायला लाज वाटते, पण मी त्या ताटात चूक शोधत होते. एक दिवस जरी खारट निघालं असतं तर मला गोड लागलं असतं. माझ्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. इतकी वर्षं कदाचित कधीच अडलं नव्हतं, भाभी शेजारणीचं मन राखत होती. असले विचार यायला लागले. बाजारात दुल्हन दिसली तेव्हा मी भाजीच्या ढिगाआड वळले, तिने सलाम करायच्या आत. पोरीच्या बापासमोर तिचं नाक कापलं ते मी, आणि तोंडही मीच लपवत होते.

असे पाच-सहा दिवस गेल्यावर एका दुपारी मला स्वतःचाच राग आला. कोण बोलावतंय आता? कशासाठी जीभ धुऊन बसायचं? मी उठले, डबीच्या तळाशी उरलेल्यातली कॉफी काढली आणि मोठा मगभर केली. नेहमीपेक्षा कडक. ओसरीत बसून घोट घोट प्यायले. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

कॉफी संपतच आली होती, तेवढ्यात भिंतीशी ओढणी दिसली.

दुल्हन वाटी घेऊन उभी होती, वर बशी झाकलेली. "काकू," ती म्हणाली, "जरा चाखून पाहा न. अम्मी म्हणे, काकूले दाखव."

माझ्या हातात मग होता. मी तो घाईने पायरीमागे ठेवला, लहान पोराने चोरलेलं लपवावं तसा. भिंतीपाशी गेले. तिने बशी काढली. काळा रस्सा, लहानशा वाटीत, दोन तुकडे.

"थोडासाच केला, आजमावायला," ती सांगू लागली. "खोबरं निखाऱ्यावर भाजलं यावेळेस. अन् कॉफी घातली, तुमच्यावाली. म्हणजे तशीच, दुकानातून आणली. अर्धा किलोले पाव चमचा, कोमट पाण्यात. अब्बूनं फोन केलता. म्हणे त्या दिवशीची चव वेगळी होती, पुन्हा एकदा कर, पण कमी टाक." ती किंचित हसली. "उद्या येऊन राह्यले ते. त्याहीच्यासाठी."

"मग इतके दिवस बोलावलं नाही मले?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला. "माझे रोजे नव्हते न काकू मध्ये. मीच चाखून घेत होते चुपचाप. अब्बाजी घरात असत, अशी गोष्ट भिंतीवरून काय सांगू? तुमाले काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी तिला सांगितलं नाही. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता. मीही बाईच आहे ना? इतके दिवस मी त्या घराबद्दल काय काय मनात आणलं होतं, आणि घरात एक जीभ मोकळी होती म्हणून शेजारची लागली नव्हती, एवढीच ती गोष्ट.

वाटी माझ्यासमोर होती. रश्शाचा वास येत होता, चांगला, भाजलेल्या खोबऱ्याचा. निदान तसा वाटत होता. माझ्या टाळूला अजून कॉफीची कडक चव चिकटलेली होती. एक बोट लावायचं आणि "मस्त झालं" म्हणायचं, इतकंच करायचं होतं. तिला तेच ऐकायचं होतं. रस्सा बहुतेक मस्तच झाला असावा. पाव चमचा म्हणजे माप बरोबर होतं. आणि उद्या तिचा बाप येणार होता.

"बेटा," मी म्हटलं, "मले आज नाही कळणार. आत्ताच कॉफी प्यायली."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, पायरीशी. कॉफीच्या मगचा कान तिथून दिसत होता.

मला वाटलं, झालं, आता ही वाटी घेऊन जाईल आणि पुन्हा या भिंतीशी येणार नाही. तिने वाटीवर बशी पुन्हा नीट झाकली, ओढणी डोक्यावरून पुढे ओढली.

"उद्या पिऊ नका मग," ती म्हणाली. "चार वाजता येते."

आणि ती गेली. मी आत जाऊन मग घासला, तोंड धुतलं, आणि उद्या मोह नको म्हणून डबीत राहिलेली कॉफी धुऊन टाकून डबीही पालथी घातली.